पाच तुक्क्यांत एक बरोबर: उणे गुणांच्या परीक्षेत कोणता प्रश्न सोडावा, कोणता धरावा

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात सेकंड पीयूसी सायन्स, आणि यंदा सीईटी व नीट दोन्ही देणार आहे. टेस्ट सिरीजमध्ये १८० पैकी साधारण १२८ प्रश्न मी खात्रीने सोडवते आणि ५२ कोरे ठेवते. क्लासचे सर म्हणतात, शंभर टक्के खात्री नसेल तर प्रश्नाला हात लावायचा नाही. माझा दादा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, एकही गोल रिकामा सोडायचा नाही. गेल्या टेस्टला मी दादाचे ऐकून २० प्रश्नांत तुक्के मारले. फिजिक्समधल्या १२ पैकी १ बरोबर आला, बायोलॉजीतल्या ८ पैकी ४ आले. म्हणजे १५ गुण कापले गेले! तेव्हापासून दोन पर्याय खोडून झाले तरी तिसऱ्यावर पेन टेकवायची हिंमत होत नाही. घरी विचारले तर दोन मते, क्लासमध्ये विचारले तर तिसरेच. तुक्का नेमका कधी मारावा आणि कधी मारू नये, याला काही नियम आहे का?

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

नियम आहे, आणि तो तुझ्याच आकड्यांवर लावून दाखवते. पण त्याआधी तुझ्या पत्रातला हिशेब पुरा करू, कारण तू तो अर्ध्यावर सोडला आहेस. पंधरा उत्तरे चुकली म्हणून पंधरा गुण गेले, हे खरे. परंतु जी पाच बरोबर आली, त्यांचे प्रत्येकी चार याप्रमाणे वीस गुण तुझ्या खात्यात जमा झाले. वीस जमा, पंधरा वजा, म्हणजे त्या वीस तुक्क्यांनी तुला पाच गुण मिळवून दिले. ते प्रश्न कोरे ठेवले असतेस तर तुझी बेरीज पाचाने कमी भरली असती. निकालपत्रावर चुकलेल्या उत्तरांची संख्या वेगळ्या रकान्यात छापलेली असते आणि तुक्क्याने मिळालेले गुण मात्र बाकीच्या बरोबर उत्तरांत मिसळून जातात, त्यामुळे नुकसान डोळ्यांत भरते आणि फायदा दिसतच नाही. ही गल्लत अनेक विद्यार्थ्यांकडून होते, आणि एकदा ती झाली की हात आखडतो. तुझेही तेच झाले आहे.

आता विषयवार पाहा. बायोलॉजीत आठांपैकी चार बरोबर, म्हणजे सोळा वजा चार, बारा गुणांचा फायदा. फिजिक्समध्ये बारांपैकी एक बरोबर, म्हणजे चार वजा अकरा, सात गुणांचा तोटा. एकाच दिवशी, एकाच विद्यार्थिनीने मारलेले तुक्के एका विषयात फळले आणि दुसऱ्यात बुडाले. यावरून लगेच निष्कर्ष काढू नकोस. डोळे मिटून मारलेल्या बारा तुक्क्यांतही एक किंवा शून्य बरोबर येण्याची शक्यता साधारण सहापैकी एक इतकी असते, आणि आठांत चार किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता नऊपैकी एकाच्या आसपास. म्हणजे दोन्ही गोष्टी निव्वळ नशिबाने घडू शकतात. तरीही हा फरक नोंदवून ठेवण्याजोगा आहे, कारण त्यामागे विषयाच्या स्वभावातले एक कारण असू शकते. त्याकडे पुढे येते.

नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक जातो. समज, तू पाच प्रश्नांत तुक्का मारलास आणि त्यातला एकच बरोबर आला: चार गुण आले, चार गेले, हिशेब शून्यावर फिटला. याचा अर्थ असा की, पाचांत एकापेक्षा जास्त वेळा बरोबर येत असेल तर उत्तर द्यावे, कमी वेळा येत असेल तर कोरे ठेवावे. ‘शंभर टक्के खात्री’ हा या परीक्षेचा उंबरठा नव्हेच. उंबरठा वीस टक्क्यांचा आहे. चार पर्यायांपैकी कोणताही एक डोळे झाकून निवडला तरी तो बरोबर असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, म्हणजे उंबरठ्याच्या किंचित वरच. तेव्हा नीटच्या गुणपद्धतीत निव्वळ आंधळा तुक्कासुद्धा सरासरीने तोट्याचा नाही. दर प्रश्नामागे पाव गुणाचा फायदा देतो.

मग दादाचे म्हणणे बरोबर ठरते का? सरासरीपुरते ठरते, पण सरासरी एका दुपारी भेटेलच असे नाही. तू कोरे ठेवतेस ते सगळे ५२ प्रश्न आंधळेपणाने रंगवलेस तर सरासरी फायदा तेरा गुणांचा आहे. मात्र प्रत्यक्षात तो आकडा खूप हेलकावे खातो. तीन वेळांपैकी दोनदा तो साधारण वजा तीन आणि अधिक एकोणतीस यांच्या दरम्यान कुठेतरी येईल, आणि पाचांपैकी एकदा तरी तू तोट्यात जाशील. दहाच प्रश्न रंगवलेस तर तोट्याची शक्यता २४ टक्के, ना नफा ना तोटा २८ टक्के आणि फायद्याची ४७ टक्क्यांच्या आसपास. फायद्याचे पारडे जड आहे, पण फार जड नाही. ते खऱ्या अर्थाने जड होते पर्याय खोडल्यावर.

एक पर्याय खात्रीने खोडला की तीन उरतात. अशा तीन प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो: चार जमा, दोन वजा, म्हणजे दर प्रश्नामागे दोन-तृतीयांश गुण. दोन पर्याय खात्रीने खोडले की दोन प्रश्नांत एक बरोबर: चार जमा, एक वजा, म्हणजे दर प्रश्नामागे दीड गुण. आंधळ्या तुक्क्याच्या सहापट. दोन पर्याय योग्य रीतीने खोडलेले दहा प्रश्न तुझ्याकडे असतील आणि तू ते सगळे रंगवलेस तर सरासरी पंधरा गुण मिळतील, आणि एकूण तोटा होण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. दोन पर्याय खोडूनही पेन टेकवायची हिंमत होत नाही असे तू लिहितेस; त्या प्रत्येक प्रश्नामागे तू सरासरीने दीड गुण टेबलावर सोडून उठतेस. सरांचा सल्ला अंकगणिताच्या कसोटीवर इथे टिकत नाही. मात्र त्यामागची काळजी मी समजू शकते: अनिश्चित प्रश्नांवर मुले वेळ घालवतात आणि येणारे प्रश्न मागे राहतात. ती काळजी रास्त आहे, पण तिचा इलाज वेळेची शिस्त हा आहे, कोरे गोल हा नव्हे.

या साऱ्या हिशेबात एक अट मी हळूच आत सरकवली आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. ‘खात्रीने खोडला’ असे मी म्हणाले. खोडलेल्या पर्यायांतच बरोबर उत्तर असेल तर उरलेल्या दोघांत कितीही विचार केला तरी गुण मिळणार नाही. समज, तू दोन पर्याय खोडतेस, पण तुझी खोडणी दहांतून आठ वेळाच योग्य असते. तर उरलेल्या दोनपैकी एक निवडल्यावर बरोबर येण्याची शक्यता पन्नास टक्के नसून चाळीस टक्के होते, आणि दर प्रश्नामागचा फायदा दीडवरून एका गुणावर येतो. खोडणी दहांतून पाचच वेळा योग्य असेल तर शक्यता पंचवीस टक्क्यांवर येते, म्हणजे आंधळा तुक्का आणि तू यांत काहीच फरक उरत नाही. दहांतून चार वेळा असेल तर फायदा शून्य. त्याखाली तोटाच. म्हणून ‘किती पर्याय खोडले’ हा प्रश्न अर्धा आहे; ‘कशाच्या आधारावर खोडले’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तुझ्या फिजिक्स-बायोलॉजीच्या फरकाचे मूळ बहुधा त्यातच असावे.

बायोलॉजीत पर्याय कसे खोडले जातात ते पाहा. नीटमध्ये दोन विधाने देऊन विचारण्याची पद्धत आहे: दोन्ही बरोबर, दोन्ही चूक, पहिले बरोबर व दुसरे चूक, पहिले चूक व दुसरे बरोबर. समज, पहिले विधान असे आहे की मानवाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते. हे तुला पक्के ठाऊक आहे. दुसरे विधान अशा एखाद्या प्रथिनाविषयी आहे की ज्याचे नावही तुला आठवत नाही. तरीसुद्धा पहिले विधान बरोबर आहे एवढ्याच ज्ञानाने ‘दोन्ही चूक’ आणि ‘पहिले चूक’ हे दोन पर्याय एका फटक्यात बाद होतात, आणि ते बाद होणे तर्काने पक्के आहे. त्यात अंदाजाचा भाग नाही. जोड्या लावण्याच्या प्रश्नातही तसेच घडते. ऑक्सिन, जिबरेलिन, इथिलीन आणि अॅब्सिसिक आम्ल यांच्यासमोर त्यांची कार्ये दिली आहेत आणि तुला फक्त एवढेच आठवते की इथिलीनने फळ पिकते. चार पर्यायांत इथिलीनसमोर कोणता क्रमांक आहे एवढेच पाहा. दोन पर्यायांत तो चुकीचा असेल तर ते दोन्ही गेले, आणि कधी तर तीनही जातात व उत्तरच हाती येते. एका खऱ्या माहितीच्या आधारावर केलेली ही खोडणी आहे. असा प्रश्न कोरा ठेवायचे काहीच कारण नाही.

आता फिजिक्स. एक तार आहे, तिचा रोध R. ती ताणून दुप्पट लांब केली तर नवा रोध किती? पर्याय आहेत R/2, R, 2R आणि 4R. लांबी वाढली की रोध वाढतो, एवढे आठवणारी विद्यार्थिनी R/2 आणि R खोडते. खोडणी अगदी योग्य आहे. उरले 2R आणि 4R. कागदावर शक्यता पन्नास टक्के दिसते. परंतु जिला ‘रोध लांबीच्या प्रमाणात बदलतो’ एवढेच आठवते, तिचा हात जवळजवळ नेहमीच 2R कडे जातो. लांबी दुप्पट होताना तारेचे घनफळ तेच राहते, म्हणून काटछेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि रोध चौपट होतो. उत्तर 4R आहे. म्हणजे खोडणी बरोबर करूनसुद्धा तिला पन्नास टक्के शक्यता कधी मिळालीच नाही. प्रश्न तयार करणाऱ्याने 2R तिथे सहज ठेवलेला नाही. अर्धवट ज्ञान नेमके कुठे नेऊन सोडते हे ओळखून ठेवलेला आहे. फिजिक्सच्या गणितांत चुकीचे पर्याय बहुधा असेच तयार होतात: वर्ग करायचा विसरला तर येणारे उत्तर, त्रिज्येऐवजी व्यास घेतला तर येणारे उत्तर, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले तर येणारे उत्तर. तुझे आकडेमोडीतून आलेले उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर, असे त्यामुळे समजता येत नाही. तू त्या बारा प्रश्नांत हेच केले असशील तर बारांत एक हा निकाल निव्वळ दुर्दैवाचा नसेल.

याचा अर्थ फिजिक्समध्ये खोडणी चालत नाही असा नव्हे. तिथे खोडणीचे एक भक्कम साधन आहे, ते म्हणजे मिती. मुक्तिवेगाचे सूत्र आठवत नाही आणि पर्याय आहेत √(2gR), √(gR), √(2g/R) आणि 2gR. इथे R ही पृथ्वीची त्रिज्या. g ला R ने गुणले की वेगाचा वर्ग मिळतो, म्हणून वर्गमूळ हवे आणि R अंशात हवा. शेवटचे दोन पर्याय मितीच्या कसोटीवर टिकत नाहीत. ही खोडणी तितकीच पक्की आहे, जितकी दोन विधानांची होती. उरलेल्या दोघांपैकी √(gR) हा पृष्ठभागाजवळून फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग आहे, म्हणजे तोही एका खऱ्या गोष्टीचे उत्तर आहे, पण विचारलेल्या गोष्टीचे नव्हे. दोन पर्याय उरले की स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लाव: ‘यातला चुकीचा पर्याय प्रश्नकर्त्याने कुणासाठी ठेवला असेल?’ पुष्कळदा या एका प्रश्नाने उरलेला गुंता सुटतो, आणि सुटला नाही तरी आवडत्या पर्यायाकडे आपोआप जाणारा हात क्षणभर थांबतो.

काही गोष्टी खोडणीसारख्या दिसतात, पण खोडणी नसतात. ‘शब्द ओळखीचा वाटत नाही म्हणून हा नसणार’ ही त्यांतली पहिली, आणि मराठी माध्यमातून येऊन पीयूसीला एकदम इंग्रजी पुस्तके हाती घेतलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना ती विशेष भोवते. अनोळखी शब्द तुझ्या वाचनाविषयी काही सांगतो, उत्तराविषयी काहीच सांगत नाही. ‘गेल्या पाच प्रश्नांत तिसरा पर्याय आला नाही, आता येईल’ हीदेखील खोडणी नव्हे. ‘उत्तर इतके सोपे असणार नाही’ हीसुद्धा नव्हे. अशा आधारांवर खोडलेला पर्याय न खोडलेलाच धर आणि मोजू नकोस. याउलट, प्रश्नात ‘चुकीचे विधान कोणते’ किंवा ‘यांपैकी कोणते नाही’ असे विचारले असेल तर सगळी खोडणी उलटी होते: बरोबर विधाने खोडायची असतात. घाईत मन सवयीने बरोबर विधानावरच जाऊन थांबते. म्हणून प्रश्न वाचताना असा नकारार्थी शब्द दिसला की प्रश्नपुस्तिकेवर त्याला पेनाने गोल कर आणि मगच पर्यायांकडे वळ.

इथपर्यंत जे सांगितले ते सर्वांसाठी सारखे आहे. तुझी स्वतःची खोडणी किती विश्वासाची, हे मात्र कुणीही सांगू शकत नाही. ते मोजावे लागते. पुढच्या टेस्टपासून प्रत्येक अनिश्चित प्रश्नाच्या क्रमांकाशेजारी एक छोटा आकडा लिही: काहीच खोडता आले नाही तर ०, एक पर्याय खोडला तर १, दोन खोडले तर २. आकडा उत्तर देण्यापूर्वीच लिहायचा, निकाल पाहून नव्हे. निकाल पाहिल्यावर आपल्याला सगळेच ‘जवळजवळ आले होते’ असे वाटू लागते. सरावपरीक्षेत या सर्व प्रश्नांची उत्तरे दे, शून्यवाल्यांचीसुद्धा, कारण सराव हा मोजण्यासाठीच असतो. घरी आल्यावर एका वहीत तीन विषय आणि तीन आकडे यांचे नऊ चौकोन आख आणि प्रत्येकात किती प्रश्न होते व किती बरोबर आले ते भरत जा.

एका टेस्टवरून काहीही ठरवू नकोस. एखाद्या चौकोनात तीसेक प्रश्न साठेपर्यंत थांब. समज, बायोलॉजीच्या ‘२’ या चौकोनात तीस प्रश्न झाले आणि त्यातले तेरा बरोबर आले. बावन्न जमा, सतरा वजा, पस्तीस गुणांचा फायदा. कागदावरच्या पंधरापेक्षा तेरा कमी आहेत, म्हणजे तुझी खोडणी कधीकधी चुकते, पण उंबरठा सहाचा होता आणि तू त्याच्या कितीतरी वर आहेस. हे प्रश्न परीक्षेत डोळे मिटून नव्हे, पण निःशंकपणे रंगवायचे. समज, फिजिक्सच्या ‘१’ या चौकोनात तीसांत पाच आले. वीस जमा, पंचवीस वजा. उंबरठ्याच्या खाली, पण थोडेच खाली. एवढा फरक नशिबानेही पडतो, म्हणून नोंद चालू ठेवायची आणि तोपर्यंत हे प्रश्न सर्वांत शेवटी हाताळायचे. तीसांत दोनच आले असतील तर मात्र ते नशीब नव्हे. आंधळ्या तुक्क्यानेसुद्धा सात-आठ यायला हवे होते. तू त्याहून वाईट कामगिरी करते आहेस याचा अर्थ तू प्रश्नकर्त्याच्या सापळ्यात नियमाने पाय टाकते आहेस. अशा चौकोनातल्या प्रश्नांचे उत्तर मनाला वाटेल ते देऊ नये: एकतर कोरे ठेवावे, नाहीतर आधीच ठरवलेले एकच अक्षर, समज दुसरा पर्याय, सगळीकडे रंगवावे. एकच अक्षर धरल्याने शक्यता पंचवीस टक्क्यांच्या वर जात नाही, पण सापळ्याने ती खाली ओढली होती तेथून पुन्हा पंचवीसवर येते, आणि वेळही वाचतो. त्याहून मोलाचे असे की, तो चौकोन तुला दाखवून देतो की कोणत्या धड्यांत तुझे ज्ञान अर्धवट आहे. त्या बारा प्रश्नांपैकी किती विद्युतधारेवरचे होते आणि किती यांत्रिकीवरचे, हे काढून पाहा.

परीक्षेच्या दिवशी नीटला १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात. पहिल्या फेरीत येणारेच प्रश्न सोडव आणि अनिश्चित प्रश्नांशेजारी फक्त ०, १, २ लिहून पुढे सरक. त्या क्षणी त्यांच्याशी झुंजत बसू नकोस. दुसऱ्या फेरीत ‘२’ वाले, मग ‘१’ वाले. शून्यवाल्यांना शेवटची पाच-सात मिनिटे पुरेत, आणि तेव्हा मन थकलेले असेल तर ते सोडून दिलेस तरी फार काही बिघडत नाही, कारण तिथे दर प्रश्नामागे पाव गुणच पणाला आहे. निर्णय झाल्यावरच गोल रंगव. ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनाने रंगवलेला गोल बदलता येत नाही आणि दोन गोल रंगवले तर उत्तर चूक धरले जाते, म्हणजे दोन पर्यायांत मन द्विधा झाले म्हणून दोन्ही रंगवले तर उणे एक नक्की. मधले प्रश्न सोडत पुढे जाताना गोलांचा क्रमांक चुकण्याचा धोकाही असतो. प्रत्येक वेळी पुस्तिकेवरचा क्रमांक मनात म्हणूनच उत्तरपत्रिकेवर बोट ठेव.

दादाविषयी एक शब्द. त्याने इंजिनिअरिंगसाठी सीईटी दिली असणार, आणि कर्नाटकाच्या सीईटीत उणे गुण नाहीत. तिथे एका विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटे असतात, चुकीला काहीच कापले जात नाही, आणि म्हणून तिथे एकही गोल रिकामा सोडू नये हा त्याचा सल्ला तंतोतंत खरा आहे. शेवटची दोन मिनिटे राखून ठेवून उरलेले सगळे गोल भरायचेच. तो एका परीक्षेचा खरा नियम दुसरीला लावतो आहे, एवढेच.

हे पत्र वाचणारे काही जण रेल्वे, बँक किंवा लोकसेवा आयोगाची तयारी करत असतील. त्यांनी उंबरठा स्वतः काढावा, कारण तो परीक्षेगणिक बदलतो. रीत तीच: एक बरोबर उत्तर किती चुका भरून काढते ते मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. चुकीला पाव हिस्सा जात असेल तर एक बरोबर चार चुका भरून काढते, म्हणून पाचांत एक हा उंबरठा; कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत आणि बँकांच्या आयबीपीएस परीक्षांत असा पाव हिस्सा जातो. मात्र आयबीपीएसमध्ये पर्याय पाच असतात, त्यामुळे आंधळा तुक्का नेमका शून्यावर येतो आणि निदान एक पर्याय खोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेत आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक-तृतीयांश हिस्सा जातो. तिथे एक बरोबर तीनच चुका भरून काढते, उंबरठा चारांत एक होतो, चार पर्यायांचा आंधळा तुक्का शून्यावर बसतो, आणि एक पर्याय खोडल्यावरचा फायदाही तुटपुंजा राहतो. तिथे दोन पर्याय पक्के खोडल्यावरच पुढे जाणे मला शहाणपणाचे वाटते. आणखी एक फरक आहे. केंद्रीय आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर केवळ पात्रतेचा असतो, ३३ टक्के मिळाले की झाले. खात्रीच्या उत्तरांनी ती रेघ आरामात ओलांडली असेल तर एकही तुक्का मारू नये, कारण जास्तीच्या गुणांचा उपयोग नाही आणि कापलेल्या गुणांचा धोका आहे. रेघ ओलांडली जात नसेल तर मात्र तुक्के मारण्यावाचून गत्यंतर नाही. नीटमध्ये गुणवत्ता क्रमांक लागतो, प्रत्येक गुण मोजला जातो, म्हणून तुला हा विचार करावा लागत नाही.

तुझ्या वहीतले पहिले आकडे मी पत्रावरूनच लिहून देते, पण ते कोणत्या चौकोनात जातील हे तुलाच पाहावे लागेल. त्या टेस्टची प्रश्नपुस्तिका तुझ्याजवळ असेल तर ते वीस प्रश्न पुन्हा काढ, उत्तरतालिका झाकून ठेव आणि प्रत्येकात त्या वेळी तू किती पर्याय, कशाच्या आधारावर खोडले होतेस ते शेजारी लिही. बायोलॉजीतले चार जिथून आले ते प्रश्न बहुतेक ‘२’ चे निघतील, असा माझा अंदाज आहे. फिजिक्सचे बारा सरांना दाखव आणि त्यांना इतकेच विचार की, मी निवडलेला चुकीचा पर्याय कोणती पायरी विसरल्यावर येतो. सीईटी सहसा एप्रिलमध्ये आणि नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते, म्हणजे दोन वेगळे नियम तुला काही आठवड्यांच्या अंतराने वापरायचे आहेत. दोन्ही परीक्षांच्या माहितीपत्रकातले गुणपद्धतीचे पान यंदाचेच काढून वाच आणि आदल्या रात्री त्या-त्या परीक्षेचा नियम एका ओळीत लिहून प्रवेशपत्राच्या जोडीने ठेव.